हिरव्या दिव्याचं घड्याळ आणि सावळं मनगट: चूक नेमकी कुठे होते?

शर्वरी_कोल्हापूर | शनिवार, सकाळी ९:४०

मी आणि नवरा दोघंही पहाटे रंकाळ्याला धावतो. दोघांच्या मनगटावर एकाच कंपनीचं, एकाच मॉडेलचं घड्याळ आहे. तो गोरा, मी चांगली सावळी. धावून आल्यावर दोघांचे ठोक्यांचे आलेख शेजारी ठेवले की त्याचा नितळ दिसतो. माझा मात्र पहिल्या दहा-बारा मिनिटांत थेट १६८-१७० वर जाऊन बसतो. त्या वेळी मी आरामात गप्पा मारत धावत असते, १७० ला मला तोंडातून शब्द काढता येणार नाही. मैत्रिणीचा छातीचा पट्टा उसना आणून सोबत लावला, तर तो त्याच मिनिटांना १४० च्या आसपास दाखवत होता. पुढे दोन्ही आकडे एकत्र येतात. घरी खुर्चीत बसून मोजलं तर पहिल्यापासूनच जुळतात.

दुकानदार म्हणाला घड्याळाचा पट्टा घट्ट बांधा. बांधला. ग्राहकसेवेकडून उत्तर आलं की "त्वचेच्या प्रकारानुसार फरक पडू शकतो". पुढे काही नाही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. रंगाचा खरंच संबंध आहे का, आणि असेल तर ही घड्याळं बनवणारे लोक बाजारात आणण्याआधी ते तपासतात कसं?

गडवाट | शनिवार, सकाळी १०:१५

गडद रंग प्रकाश जास्त शोषतो हे शाळेतलं विज्ञान आहे. हिरवा प्रकाश आत जातो, थोडा परत येतो, त्यावरून ठोके मोजतात. परत येणारा प्रकाश कमी म्हणजे मोजलेले ठोके कमी. तुमचं घड्याळ उलट जास्त दाखवतंय, त्यामुळे रंगाचा संबंध नसावा. तुमच्या हाती खराब नग आला आहे, वॉरंटीत बदलून घ्या.

दीपशिखा_पुणे | शनिवार, दुपारी १२:०५

गडवाट, पहिला भाग बरोबर आहे, निष्कर्ष नाही. मी मनगटी सेन्सरच्या चाचण्यांचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घड्याळ प्रकाश किती परत आला यावरून ठोके ठरवत नाही, तो किती वेळा कमी-जास्त झाला यावरून ठरवतं. प्रत्येक ठोक्याला त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या किंचित फुगतात, रक्त हिरवा प्रकाश गिळतं, आणि उजेड टिपणाऱ्या फोटोडायोडवर पडणारा उजेड तेवढ्यापुरता खाली येतो. ही चढउतार एकूण परतलेल्या उजेडाच्या साधारण एखाद्या टक्क्याची असते, कित्येकदा त्याहूनही कमी. उजेड मंद झाला म्हणून लय मंद होत नाही. लय एकतर सापडते, नाहीतर सापडत नाही, आणि तिसरी, सगळ्यात त्रासाची शक्यता म्हणजे घड्याळ दुसरीच कुठली तरी लय पकडतं.

शर्वरीताई, तुमच्या बाबतीत ही तिसरी शक्यता मला दाट वाटते. धावताना तुमची पावलं मिनिटाला किती पडतात ते त्याच घड्याळाच्या नोंदीत बघा. १६८-१७० असतील तर घड्याळ हृदय सोडून पावलं मोजत होतं. प्रत्येक पावलाला मनगट हिसकतं, घड्याळ आणि त्वचा यांच्यातलं अंतर बदलतं, शिरांमधलं रक्त हिंदकळतं, आणि या सगळ्यामुळेही उजेड लयीत कमी-जास्त होतो. घड्याळातला हालचालीचा सेन्सर ही पावलांची लय ओळखून वजा करायचा प्रयत्न करतो. हृदयाची लय त्या वेळी अगदी क्षीण असेल तर वजाबाकीनंतर हाती काहीच उरत नाही, आणि गणित मोठ्या आवाजाच्या मागे जातं.

आता रंगाचा भाग. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात असतं. त्या थरात रक्तवाहिन्या नसतात, त्या खालच्या थरात. म्हणजे प्रकाशाला आत जाताना आणि बाहेर येताना असं दोनदा मेलॅनिनमधून जावं लागतं. हिरव्या प्रकाशाला ते फार शोषतं. ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाच्या मानाने ५३० च्या हिरव्याला सहा-सात पट. त्यामुळे तुमच्या मनगटावर हृदयाची लय मुळातच क्षीण पोचते. त्यात पहाटेचा गारठा, आखडलेल्या रक्तवाहिन्या. नवऱ्याच्या मनगटालाही तोच गारठा लागतो, पण त्याच्याकडे कमी व्हायला जागा शिल्लक आहे. दहा मिनिटांनी अंग तापलं, वाहिन्या उघडल्या, तुमचा सिग्नल वर आला आणि घड्याळ ताळ्यावर आलं. खुर्चीत बसल्यावर पावलंच नाहीत, म्हणून तिथे जुळतं.

मंदार_सांगली | शनिवार, दुपारी १:३०

थोडं असहमत. मी हौसेने `MAX30105` चं मॉड्यूल घेऊन प्रयोग केले आहेत, त्यात हिरवा, लाल, अवरक्त तिन्ही दिवे असतात. मेलॅनिन हा समोर लावलेला स्थिर गॉगल आहे. तो स्थिर उजेडही कापतो आणि ठोक्याची चढउतारही त्याच प्रमाणात कापतो. दोघांचा भागाकार केला की गॉगल कटाप! उरला प्रश्न उजेड कमी असण्याचा, तर एलईडीचा करंट वाढवा. या मॉड्यूलमध्ये ०.२ मिलिअँपिअरच्या पायरीने ५१ पर्यंत नेता येतो. घड्याळंही हे आपोआप करतात. मग रंगाचा बाऊ कशाला?

दीपशिखा_पुणे | शनिवार, दुपारी ३:२०

मंदार, भागाकाराचा मुद्दा खरा आहे आणि तो नेहमी पुढे येतो, म्हणून आकडे मांडून बघू. आकडे समजावण्यापुरतेच घेतले आहेत.

गोऱ्या मनगटावरून फोटोडायोडला १००० नॅनोअँपिअर स्थिर करंट मिळतो आणि त्यावर ठोक्याची चढउतार १० ची, असं धरा. म्हणजे १ टक्का. गडद मनगटावरून त्याच्या एक-दशांश उजेड परत येतो असं धरलं तर १०० आणि १. टक्का तोच. इथपर्यंत तुमचं म्हणणं पुरेपूर बरोबर.

पण गोंगाट त्याच प्रमाणात कापला जात नाही. उजेडाचा स्वतःचा म्हणून एक गोंगाट असतो, तो उजेडाच्या वर्गमुळाने घटतो. उजेड १० पट कमी झाला तर तो जेमतेम ३.२ पट कमी होतो. अँप्लिफायरचा आणि सिग्नलचे आकडे करणाऱ्या एडीसीचा गोंगाट तर अजिबात घटत नाही. सिग्नल दहावा हिस्सा आणि गोंगाट त्याहून जास्त शिल्लक, हा पहिला तोटा. तो करंट वाढवून बराचसा भरून निघतो हे मान्य. बॅटरी त्याची किंमत मोजते.

दुसरा तोटा करंटने भरून निघत नाही. घड्याळाच्या पाठीवर दिवा आणि फोटोडायोड काही मिलिमीटरच्या अंतरावर बसतात, वर काचेचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण. थोडा प्रकाश त्वचेच्या आत न शिरता काचेतून किंवा त्वचेच्या पृष्ठभागावरून थेट डायोडवर पोचतो. ही गळती ५० धरा. तिच्यात ठोका नाही. आता गोऱ्या मनगटावर १०५० पैकी १०, म्हणजे ०.९५ टक्के. गडद मनगटावर १५० पैकी १, म्हणजे ०.६७ टक्के. तुमचा भागाकार इथे मोडला. करंट १० पट वाढवला तर गडद मनगटाचे आकडे १००० आणि १० होतात, पण गळतीही ५०० होते. १५०० पैकी १०, परत ०.६७! शिवाय ही गळती पावलागणिक हलते, कारण घड्याळ आणि कातडी यांच्यातली फट हलते. म्हणजे दिवा जितका प्रखर करावा तितका पावलांचा खोटा सिग्नलही मोठा होतो.

याचा इलाज दिवा आणि डायोड यांच्यामध्ये प्रकाश अडवणारी भिंत उभी करणं. काचेतून आडवा जाणारा प्रकाश रोखायला काच दोन तुकड्यांत करणं किंवा मध्ये काळी रेघ घालणं, पाठीला थोडा फुगवटा देऊन ती कातडीवर नीट टेकेल असं बघणं, डायोडचं क्षेत्रफळ वाढवणं. ही सगळी यांत्रिक कामं आहेत आणि साचा पाडून झाल्यावर ती बदलता येत नाहीत. म्हणून गडद त्वचेची चाचणी पहिल्या नमुन्यापासून व्हायला हवी. शेवटी केली तर हातात फक्त सॉफ्टवेअर उरतं.

बापूसाहेब_नगर | शनिवार, सायंकाळी ५:००

करोनाच्या वेळी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जास्त ऑक्सिजन दाखवत होते असं वाचलं होतं. मग हेही तसंच की. घड्याळाचा ऑक्सिजन तर मी बघणंच सोडून दिलंय. ठोकेही नेहमी एका दिशेने चुकत असतील तर सरळ तेवढे वजा करायचे.

आकडेमोड | शनिवार, सायंकाळी ६:४५

बापूसाहेब, ते प्रकरण वेगळं आहे. ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त अशा दोन रंगांच्या चढउतारांची तुलना करून ऑक्सिजनचा टक्का काढतो. मेलॅनिन दोन रंगांना असमान कापतं आणि त्या तुलनेत खोट येऊ शकते. म्हणून तिथली चूक एका बाजूला झुकलेली असते. डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांचं पत्र आलं, त्यात ऑक्सिमीटर ठीकठाक आकडा दाखवत असताना रक्तात ऑक्सिजन खरोखर कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं आणि गोऱ्यांत ३.६. ठोक्यांची चूक अशी झुकत नाही. शर्वरीताईंना १४० चे १७० दिसले, दुसऱ्या कोणाची पावलं हळू पडत असतील आणि हृदय जोरात, तर त्याला १८० चे १५५ दिसतील. वजा काय करणार?

ठोक्यांवरचे अभ्यास मात्र एकमताने बोलत नाहीत, हे इथे सांगायला हवं. स्टॅनफर्डच्या गटाने २०१७ मध्ये ६० लोकांवर ७ उपकरणं तपासली, त्यात गडद त्वचेला चूक जास्त निघाली. ड्यूक विद्यापीठाच्या गटाने २०२० मध्ये ५३ लोक आणि ६ उपकरणं घेतली, सगळ्या वर्णगटांतली माणसं मुद्दाम निवडून. त्यांना रंगानुसार ठोस फरक सापडला नाही. सापडला तो हालचालीचा: विश्रांतीपेक्षा हालचालीत चूक सरासरी ३० टक्के जास्त. पुढे २०२२ मध्ये १० अभ्यास आणि ४६९ लोकांचा एकत्रित आढावा आला, त्यात ४ अभ्यासांनी गडद त्वचेवर अचूकता घटते असं म्हटलं होतं.

दीपशिखाताई, तुमचं गणित पटतं. पण मग ड्यूकच्या अभ्यासात ते का दिसलं नाही?

दीपशिखा_पुणे | शनिवार, रात्री ९:३०

थोडं उत्तर माझ्याकडे आहे, पूर्ण नाही. चांगल्या घड्याळांत दिवे वाढवून, डायोड मोठे करून, गणित सुधारून तो तोटा खरोखरच बराच भरून काढलेला असतो. तसं असेल तर फरक न दिसणं हे चांगल्या रचनेचं फळ मानायला माझी हरकत नाही. पण सरासरी चुकीच्या तक्त्यात एक गोष्ट लपू शकते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची चाचणी तिचीच आहे.

घड्याळ दर सेकंदाला स्वतःलाच विचारत असतं की या सिग्नलवर भरवसा ठेवावा का. नसेल तर ते आकडा दाखवत नाही, किंवा मागचाच आकडा तसाच धरून ठेवतं. आता समजा, दोन गटांना तासभर, म्हणजे ३६०० सेकंद धावायला लावलं. गोऱ्या गटात घड्याळाने ३५०० सेकंदांना आकडा दिला, सरासरी चूक ४ ठोके. गडद गटात २५०० सेकंदांना दिला, सरासरी चूक ४.५. तक्त्यात ४ आणि ४.५ छापून येईल, आणि कोणीही म्हणेल की फरक नगण्य आहे. गडद गटाच्या ११०० कोऱ्या सेकंदांचं काय? ती सहसा विखुरलेली नसतात. चढावर, वेग वाढवताना, गारठ्यात, म्हणजे जिथे माणसाला आकडा हवा असतो नेमकी तिथेच ती साठतात. जे घड्याळ अवघड प्रश्न सोडून देतं त्याचे गुण चांगलेच दिसणार.

म्हणून आम्ही प्रत्येक माणसामागे दोन आकडे वेगवेगळे मागतो. एकूण वेळेपैकी किती वेळ भरवशाचा आकडा मिळाला, आणि किती वेळ घड्याळ छातीच्या ईसीजीपेक्षा १० हून जास्त ठोक्यांनी चुकलं. धरून ठेवलेला जुना आकडा "मिळाला" या रकान्यात मोजू देत नाही. आणि सगळ्यांची सरासरी काढण्याआधी एकेका माणसाची ओळ बघतो. वीस जणांत अठरा जण उत्तम आणि दोघं पार वाया, हे सरासरीत दिसत नाही. ते दोघं कोण आहेत हाच तर प्रश्न असतो.

प्रकाशित निबंधांत गाळलेल्या सेकंदांचा हिशोब कधी दिलेला असतो, कधी नसतो. त्यामुळे ते दोन अभ्यास एकमेकांशी भांडतात की नुसती वेगवेगळी घड्याळं मोजतात, हे मी छातीठोक सांगू शकत नाही.

आजीची_नात | रविवार, सकाळी ७:५०

विषय जरा बाजूला नेते, माफ करा. माझ्या आजीला डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून तिला घड्याळ आणून दिलं. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वर जुनं हिरवं-काळं गोंदण आहे. घड्याळ कधी दोन रेघा दाखवतं, कधी ४५, कधी ११०. आजी माझ्याहून गोरी आहे. म्हणजे गोरेपणाचा काही उपयोग नाही झाला ना? आणि तिच्या हृदयात काही दोष तर नसेल?

डॉ_मृण्मयी_नागपूर | रविवार, सकाळी ९:१०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. आधी आजींबद्दल: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ती लयीत आणि नेहमीसारखी असेल तर हा आकडा घड्याळाचा दोष समजा. अनियमित लागली किंवा चक्कर, धाप असेल तर घड्याळ बाजूला ठेवून त्यांना डॉक्टरांकडे न्या.

गोंदणाचं आणि वर्णाचं गणित वेगळं आहे. मेलॅनिन वरच्या थरात असतं, गोंदणाचा रंग सुईने खालच्या थरात उतरवलेला असतो, आणि पारंपरिक गोंदणात तो बहुधा काजळीचा, म्हणजे कार्बनचा. रक्तवाहिन्या ज्या थरात, त्याच थरात काजळी. ती अवरक्त प्रकाशही शोषते, त्यामुळे दिव्याचा रंग बदलूनही फार साधत नाही. नक्षीच्या मध्ये कोरी जागा असेल तिथे घड्याळ सरकवून बघा.

आता धाग्याबद्दल. वर "सगळ्या वर्णगटांतली माणसं" असा उल्लेख आला. हे गट बहुतेक वेळा फिट्झपॅट्रिकच्या सहा प्रकारांवरून पाडतात. हार्वर्डच्या फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ही वर्गवारी अतिनील किरणांच्या उपचाराची मात्रा ठरवण्यासाठी केली. सुरुवातीला चारच प्रकार होते, गोऱ्या त्वचेसाठी. तपकिरी आणि काळ्या त्वचेचे पाचवा-सहावा नंतर जोडले. त्यात विचारतात काय, तर उन्हात कातडी भाजते की रापते. प्रकाश किती शोषला जातो याचं ते मोजमाप नाही. माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण चौथ्या-पाचव्या खान्यात बसतात, आणि त्या दोन खान्यांत गव्हाळपासून चांगल्या काळ्यापर्यंत सगळे येतात. अशा खान्यांवर "फरक नाही" असा निष्कर्ष आला तर मी जपून घेईन.

आकडेमोड | रविवार, सकाळी ९:४०

मग मोजायचं कसं? डोळ्यांनी शेड जुळवून?

डॉ_मृण्मयी_नागपूर | रविवार, सकाळी ११:००

त्याचीही पट्टी आहे. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची १० छटांची पट्टी २०२२ मध्ये गूगलने खुली केली, ती फिट्झपॅट्रिकपेक्षा बरीच बरी. पण प्रकाशाच्या उपकरणासाठी उपकरणानेच मोजावं. रंगमापक कातडीवर टेकवला की उजळपणा L* आणि पिवळेपणा b* मिळतो, त्यावरून एक कोन काढतात:

```
ITA = arctan((L* − 50) / b*) × 180 / π
```

कोन जितका मोठा तितकी त्वचा उजळ. १० च्या खाली तपकिरी, उणे ३० च्या खाली गडद. आणि मोजायचं घड्याळाच्या जागेवर. चेहऱ्यावर किंवा दंडाच्या आतल्या बाजूला मोजून चालणार नाही. उदाहरण घ्या: स्कूटर चालवणाऱ्या एखाद्या बाईच्या मनगटाच्या वरच्या बाजूला L* ४० आणि b* १६ आले, तर कोन उणे ३२, म्हणजे गडद. तिच्याच मनगटाच्या आतल्या बाजूला ५४ आणि १८ आले, तर कोन साडेबारा, म्हणजे पूर्ण दोन पायऱ्या वर. माणूस तोच, हात तोच. प्रश्नावलीत मात्र ती दोन्हीकडे "प्रकार ५" असेल.

अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२५ मध्ये ऑक्सिमीटरसाठी जो मसुदा काढला त्यात किमान १५० माणसं, मंक पट्टी आणि हा कोन हे सगळं सुचवलं आहे. पण तो वैद्यकीय ऑक्सिमीटरसाठी. व्यायामाचं साधन म्हणून विकलेल्या घड्याळाच्या ठोक्यांना तो लागू होत नाही, तिथे कंपनी स्वतःहून किती करेल तेवढंच.

मंदार_सांगली | रविवार, दुपारी १२:२०

गळतीचं गणित पटलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. दुसरी शंका आहे. अवरक्त प्रकाशाला मेलॅनिन इतकं कमी नडत असेल तर सरळ तोच का नाही वापरत? हिरव्याचा हट्ट कशाला?

दीपशिखा_पुणे | रविवार, दुपारी २:००

कारण धावताना तो जास्त फसवतो. अवरक्त प्रकाश खोल जातो. तिथे शिरा, स्नायू, कंडरा सगळं पावलागणिक हलत असतं आणि ते सगळं सिग्नलमध्ये येतं. रक्तही त्याला कमी शोषतं, म्हणून ठोक्याची चढउतार लहान. हिरवा उथळ राहतो आणि रक्त त्याला जोरात गिळतं, म्हणून चढउतार मोठी. २०१३ च्या एका अभ्यासात ४७०, ५२०, ६३० आणि ८८० नॅनोमीटर असे चार रंग वेगवेगळ्या वर्णांवर लावून पाहिले होते. गडद त्वचेवर चढउतार कमी मिळाली, तरीही हिरवा रंग चांगलाच ठरला. स्वस्थ बसलेल्या माणसाला अवरक्त पुरतो आणि बॅटरी वाचते, म्हणून काही घड्याळं दिवसभराच्या अधूनमधून मोजणीसाठी तो वापरतात आणि व्यायामाला हिरवा लावतात. प्रत्यक्षात दोन्ही ठेवून, ज्या क्षणी जो बरा त्याच्यावर विसंबायचं, असा प्रयत्न असतो. गडद त्वचेवर हा सांधा कुठे बदलायचा यावर आमच्या टीममध्येही अजून एकमत नाही.

आणि गळतीच्या चाचणीबद्दल कालचं राहिलं. माणसांआधी आम्ही सिलिकोनच्या कृत्रिम त्वचेच्या चकत्या वापरतो. पांढरी पूड प्रकाश विखुरण्यासाठी, वर काळसर रंगद्रव्याचा पातळ थर, फिक्यापासून गडदपर्यंत. एकच घड्याळ एकेका चकतीवर ठेवून स्थिर उजेड टिपत जायचा. चकती गडद होत गेली तरी आकडा एका मर्यादेखाली उतरेनासा झाला की ती मर्यादा म्हणजे गळती. ताजा नमुना आला की अर्ध्या दिवसात हे कळतं, त्यासाठी एकही माणूस लागत नाही. यात पास झाल्याने माणसांवर पास होईलच असं नाही, पण यात नापास झालेलं घड्याळ गडद मनगटावर धावताना तरलेलं मी पाहिलेलं नाही.

शर्वरी_कोल्हापूर | पुढचा शनिवार, सकाळी १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. नोंद काढली: त्या मिनिटांतली माझी पावलं १६९ ते १७०. घड्याळ पावलंच मोजत होतं!

या आठवड्यात नवऱ्याशी घड्याळांची अदलाबदल केली. त्याचं घड्याळ माझ्या हातावर तसंच चुकलं, माझं त्याच्या हातावर नीट चाललं. म्हणजे गडवाट म्हणतात तसा खराब नग नाही. मग घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर सरकवलं आणि निघण्यापूर्वी घरातच जागेवर उड्या मारून अंग तापवलं. चूक पुष्कळ कमी झाली, सुरुवातीची दोन-तीन मिनिटंच राहिली. आतल्या बाजूला बांधून पाहिलं तर बसल्या बसल्या छान, धावताना आणखी बिघडलं.

गडवाट | शनिवार, सकाळी ११:००

नगाचा मुद्दा मिटला. पण अदलाबदलीवरून रंग सिद्ध झाला असं मला वाटत नाही. तुमचं मनगट बारीक असेल, नवऱ्याचं रुंद आणि मांसल. घड्याळ त्याच्या हातावर सपाट टेकत असेल.

दीपशिखा_पुणे | शनिवार, दुपारी १२:४५

गडवाट यांचा मुद्दा रास्त आहे. दोन माणसांत रंगासोबत मनगटाचा घेर, केस, हाताचं तापमान, रक्ताभिसरण सगळंच बदलतं. म्हणूनच चाचणीत बारीक गडद, रुंद गडद, बारीक उजळ, रुंद उजळ अशी चारही प्रकारची मनगटं लागतात. बऱ्याचदा गडद त्वचेची माणसं मोजकीच मिळतात, त्यात बारीक मनगटाच्या बायका आणखी कमी, आणि मग रंग कुठे संपतो व घेर कुठे सुरू होतो हे कोणालाच सांगता येत नाही. शर्वरीताईंच्या बाबतीत दोन्ही असावं असा माझा अंदाज आहे, पण तो अंदाजच. आतल्या बाजूला धावताना बिघडलं त्याचं कारण तिथल्या कंडरा. मेलॅनिन कमी, पण मुठीच्या प्रत्येक हालचालीने खालची जमीनच हलते.

एक करून बघता येईल. गारठा नसलेल्या दिवशी संध्याकाळी, पट्टा आणि घड्याळ दोन्ही लावून, पावलांची गती मुद्दाम मिनिटाला १५५ पर्यंत आणा. चुकीचा आकडाही १५५ वर उतरला तर पावलं पकडण्याची खात्री होईल. आणि चूकच झाली नाही, तर गारठ्याचा वाटा रंगापेक्षा मोठा होता असं म्हणता येईल.

आकडेमोड | शनिवार, दुपारी १:१५

शर्वरीताई, ते केलंत तर दोन्हींच्या फाइली सेकंदासेकंदाच्या नोंदीसह इथे टाका. घड्याळ पट्ट्यापेक्षा काही सेकंद मागे असतं, ते आधी सरकवून जुळवावं लागेल, नाहीतर वेग बदलताना नसलेली चूक दिसेल. आणि घड्याळाच्या फाइलीत सलग अर्धा मिनिट तोच आकडा असेल तिथे खूण करा. तो मोजलेला आहे की धरून ठेवलेला, हे बघायचं आहे.